वाडी कुठं मोजायची? दोन शहरांच्या उत्पन्नाची तुलना

आजचा विषय आकडेवारीचा आहे, पण सुरुवात आपण बसलो आहोत त्या जागेपासून करू. ही वाडी. नागपूरहून अमरावती रोडनं येताना घरं, दुकानं, गोदामं कुठंच तुटत नाहीत. बाहेरगावच्या माणसाला विचारलं तर तो याला नागपूरच म्हणेल. पण महानगरपालिकेची हद्द अलीकडंच संपते आणि इथं वाडी नगर परिषद लागते. मग इथल्या ट्रान्सपोर्टवाल्यांची वर्षाची उलाढाल नागपूरच्या खात्यात लिहायची की नाही?

हा प्रश्न नुसता कागदी नाही. 'पुणं पुढं गेलं, नागपूर मागं राहिलं' हे आपण सगळे बोलतो. विदर्भात अशा तुलनेवर निधीचे वाद होतात. १९८४ साली दांडेकर समितीनं अनुशेषाचा अहवाल दिला, तेव्हापासून हे चालू आहे. वाद घालायचा असेल तर आपला आकडा समोरच्यानं खोडून काढता येणार नाही असा हवा. त्यासाठी तीन गोष्टी तपासायच्या: हद्द, चलन आणि वर्ष.

आधी हद्द. एका शहराची तीन रूपं असतात: महानगरपालिका, नागरी समूह म्हणजे मूळ शहर आणि त्याला लागून वाढलेली वस्ती, आणि जिल्हा. २०११ च्या जनगणनेत नागपूर महानगरपालिकेची लोकसंख्या सुमारे २४ लाख होती, पुणे महानगरपालिकेची ३१ लाख. म्हणजे पुणं नागपूरच्या १.३ पट. आता नागरी समूह घ्या. नागपूर २५ लाख, पुणे ५० लाखांच्या थोडं वर. एकदम दुप्पट! कारण पिंपरी-चिंचवड ही वेगळी महानगरपालिका आहे, ती पहिल्या आकड्यात नव्हती. लोकसंख्येचं जे होतं तेच उत्पन्नाचं होतं. हिंजवडी, चाकण पुणे महानगरपालिकेच्या बाहेर आहेत. आपल्याकडं हिंगणा आणि बुटीबोरीची एमआयडीसी नागपूर महानगरपालिकेच्या बाहेर आहे.

आता गंमत अशी की महानगरपालिकेच्या हद्दीचं उत्पन्न राज्य सरकार वेगळं काढतच नाही. अर्थ व सांख्यिकी संचालनालय काढतं ते जिल्हा उत्पन्न. त्यामुळं बातमीत 'नागपूर शहराचं उत्पन्न' म्हणून जो आकडा येतो, तो बहुतेक वेळा जिल्ह्याचा असतो. त्यात काटोल-नरखेडचा संत्रा येतो, तसा पुण्याच्या आकड्यात बारामतीचा ऊस येतो.

इथं सगळ्यात मोठी चूक होते. उत्पन्न जिल्ह्याचं घ्यायचं आणि भागायचं शहराच्या लोकसंख्येनं. कोणी म्हणेल, दोन्हीकडं तीच चूक केली, तर तुलना बरोबरच राहील ना? नाही राहत. करून बघू. समजा, दोन्ही जिल्ह्यांत दरडोई उत्पन्न अगदी सारखं, दोन लाख रुपये आहे. हा आकडा मी फक्त हिशेबासाठी धरला आहे. नागपूर जिल्ह्याची लोकसंख्या ४६.५ लाख, महानगरपालिकेची २४ लाख. जिल्ह्याचं उत्पन्न शहराच्या लोकांत वाटलं, तर दरडोई ३ लाख ८७ हजार येतं. पुणे जिल्हा ९४.३ लाख, महानगरपालिका ३१.२ लाख. तिथं दरडोई ६ लाख ४ हजार येतं. मुळात सारखे असलेले दोन जिल्हे, आणि पुणं दीडपटीहून जास्त श्रीमंत दिसायला लागलं. एका रुपयाचाही खरा फरक नसताना!

म्हणून नियम सोपा आहे. वर जी हद्द, खालीही तीच हद्द. आणि हद्दीला तारीखही असते. २०२१ मध्ये पुणे महानगरपालिकेत २३ गावं आली. त्याआधीचा आणि नंतरचा आकडा शेजारी ठेवला तर वाढ दिसेल, पण त्यातली काही नुसती नकाशावरची असेल.

दुसरी गोष्ट, वर्ष. यात दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होते. समजा, एका बागेतून दरवर्षी पाचशे पेट्या संत्रा निघतो. पेटीचा भाव चारशे होता, तो सातशे झाला. चालू किमतीनं उत्पन्न दोन लाखांवरून साडेतीन लाख झालं. जुन्याच भावानं मोजलं तर ते दोन लाखच आहे, कारण पेट्या तेवढ्याच. याला स्थिर किमती म्हणतात, आणि ज्या वर्षाचे भाव धरले ते पायाभूत वर्ष. आकड्याखाली 'स्थिर किमती, २०११-१२' असं लिहिलं असलं, तर याचा अर्थ उत्पादन २०११-१२ चं आहे असा नाही. फक्त भाव त्या वर्षाचे आहेत. एका शहराचा चालू किमतीचा आणि दुसऱ्याचा स्थिर किमतीचा आकडा कधीही शेजारी ठेवू नका.

पायाभूत वर्ष बदललं की मोजायची पद्धतही सुधारतात. २०१५ मध्ये देशानं २००४-०५ सोडून २०११-१२ घेतलं, तेव्हा २०१३-१४ ची वाढ ४.७ टक्क्यांवरून ६.९ टक्के झाली. वर्ष तेच, कारखाने तेच. म्हणून जुन्या मालिकेतलं एक शहर आणि नव्या मालिकेतलं दुसरं, ही तुलना होत नाही.

तिसरं, चलन. नागपूर-पुण्यात दोन्हीकडं रुपयाच आहे. पण परदेशातल्या शहराशी तुलना करायची झाली की डॉलर येतो. २०१७ मध्ये बाजारात डॉलर सुमारे ६५ रुपयांना होता. जागतिक बँकेच्या त्या वर्षीच्या किंमत-तुलनेप्रमाणं मात्र अमेरिकेत एका डॉलरला येणाऱ्या वस्तूंना भारतात सुमारे २०.६५ रुपये लागत होते. याला क्रयशक्ती समानता म्हणतात. एक लाख कोटी रुपयांचं उत्पन्न पहिल्या दरानं सुमारे १५ अब्ज डॉलर होतं, दुसऱ्यानं ४८ अब्ज. जगातल्या शहरांच्या याद्यांत आपलं शहर अचानक वर गेलेलं दिसलं, तर आधी बघा की दर कोणता लावलाय. आयात करायची ताकद बघायची असेल तर बाजाराचा दर, राहणीमान बघायचं असेल तर क्रयशक्ती. फक्त तो दर सगळ्या देशासाठी एकच असतो. पुण्यातलं घरभाडं आणि वाडीतलं घरभाडं यातला फरक त्यात दिसत नाही.

(श्रोत्यांतून प्रश्न: सर, वेस्टर्न कोलफील्ड्सचं मुख्यालय नागपुरात आहे, खाणी चंद्रपूर-यवतमाळलाही आहेत. मग कोळसा कोणाचा?)

छान विचारलंत. तत्त्व असं की उत्पन्न जिथं निर्माण होतं तिथं मोजायचं. कोळसा खाणीच्या जिल्ह्यात, आणि मुख्यालयातलं काम नागपुरात. पण प्रत्येक जिल्ह्याचे वेगळे हिशेब सगळीकडं मिळत नाहीत. बँका, रेल्वे यांसारख्या क्षेत्रांत राज्याचा एकूण आकडा घेऊन तो कामगारांची संख्या वगैरे बघून जिल्ह्यांत वाटला जातो. म्हणजे जिल्हा उत्पन्न हा अंदाज आहे. दोन जिल्ह्यांत दोन-चार टक्क्यांचा फरक दिसला, तर त्यावरून भांडू नका. दीडपट, दुप्पट फरक असेल तर तो बोलायच्या लायकीचा. पण तेव्हाही आधी खाली कोणती लोकसंख्या घेतली ते बघा.

आणि वाडीचं काय? नागपूर जिल्हा म्हणालात तर वाडी आत आहे, महानगरपालिका म्हणालात तर बाहेर. दोन्ही बरोबर आहेत. फक्त पुण्याकडं बघताना हिंजवडीलाही तोच नियम लावा.