तेहतीस टक्क्यांची वेस

गच्चीवरचं सौर पॅनल सगळं ऊन विजेत का बदलत नाही? सिलिकॉनमधला इलेक्ट्रॉन मोकळा करायला सुमारे १.१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात. हाच त्याचा बँड गॅप. त्याहून दुबळा फोटॉन आरपार निघून जातो. निळा फोटॉन २.८ घेऊन येतो, पण वरचे १.७ नुसते पॅनल तापवतात. गॅप वाढवला तर करंट घटतो, कमी केला तर व्होल्टेज. शिवाय प्रकाश शोषणारा पदार्थ थोडा प्रकाश परत टाकणारच, हे नुकसान टळत नाही. हा सगळा जमाखर्च शॉक्ली आणि क्वाइसर यांनी १९६१ मध्ये मांडला. साध्या उन्हात, एकाच गॅपच्या सेलसाठी आज कमाल येते सुमारे ३३ टक्के, १.३४च्या आसपास. सिलिकॉन तिथून फार लांब नाही. वेगळ्या गॅपचे दोन थर एकमेकांवर ठेवले, की मात्र ही वेस ओलांडता येते.