उंचीतील ‘८० टक्के’ आणि जुळ्यांचा हिशेब

बेळगाव येथील मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या केंद्रात भरती मेळावा असला की निपाणी, चिकोडी, खानापूर, हुक्केरी या तालुक्यांतील तरुण पहाटेपासून रांगेत उभे राहतात. धावण्याचा सराव महिनोन्महिने करता येतो; छातीचा फुगवटाही व्यायामाने वाढतो. उंची मोजण्याच्या पट्टीपुढे मात्र सराव कामास येत नाही. अर्ध्या सेंटिमीटरने माघारी फिरलेल्या मुलाला घरी मिळणारे उत्तर बहुधा एकच असते, ‘आपल्या घराण्यातच उंची नाही.’ शास्त्राची पुस्तके या समजाला दुजोरा देतात असे वरवर वाटते, कारण उंची ८० टक्के आनुवंशिक असते हे वाक्य त्यांत हमखास आढळते. हे वाक्य खरे आहे. परंतु ते ज्या हिशेबातून निघाले, तो हिशेब न पाहता वापरले की त्याचा अर्थ उलटा लागतो.

पहिला गैरसमज तात्काळ दूर केलेला बरा. १६५ सेंटिमीटर उंचीच्या माणसातील १३२ सेंटिमीटर आईवडिलांकडून आले आणि उरलेले ३३ भाकरीतून आले, असा त्या वाक्याचा अर्थ नाही. एका माणसाच्या उंचीची अशी फोड करताच येत नाही. जनुके नसतील तर अन्नाचे हाड होत नाही आणि अन्न नसेल तर जनुकांना काम उरत नाही. ८० टक्के हा आकडा माणसाचा नसून समूहाचा आहे. एखाद्या समूहात कोणी उंच, कोणी बुटका असा जो फरक दिसतो, त्या फरकाचा किती हिस्सा त्यांच्या जनुकीय फरकाशी जुळतो, एवढेच तो सांगतो.

हा हिस्सा मोजायचा कसा? उंच बापाचा मुलगा उंच निघाला, एवढ्याने काही सिद्ध होत नाही. बापाने मुलाला जनुके दिली, तसेच घर, गोठ्यातले दूध आणि आजारपणात डॉक्टरकडे नेण्याची ऐपतही दिली. दोन्ही वारसे एकाच हातातून येतात. त्यांना वेगळे करण्यासाठी निसर्गाने आणि समाजाने दोन प्रयोग जणू तयार करून ठेवले आहेत: जुळी आणि दत्तक मुले.

जुळी दोन प्रकारची. एकाच फलित बीजाचे दोन भाग होऊन जन्मलेली एकबीज जुळी, त्यांची जनुके जवळजवळ संपूर्ण सारखी असतात. दोन वेगळ्या बीजांपासून जन्मलेली द्विबीज जुळी ही साध्या भावंडांसारखीच. त्यांच्या बदलत्या जनुकांत सरासरी निम्मे साम्य असते. दोन्ही प्रकारची जोडी एकाच वेळी, एकाच पोटात, एकाच घरात वाढते. म्हणून एकबीज जोडी द्विबीज जोडीपेक्षा जितकी अधिक सारखी निघेल, तितके श्रेय त्या उरलेल्या निम्म्या जनुकीय साम्याला द्यावे, असा हा युक्तिवाद आहे.

एक उदाहरण कागदावर मांडून पाहू. समजा, एका भागातील प्रौढ पुरुषांच्या उंचीचे प्रमाण विचलन ६ सेंटिमीटर आहे. रस्त्यावरच्या कोणत्याही दोन अनोळखी पुरुषांच्या उंचीत मग सरासरी पावणेसात सेंटिमीटरांचा फरक निघेल. द्विबीज जुळ्या भावांत तो फरक पावणेपाचच्या आसपास आणि एकबीज जुळ्यांत दोन सेंटिमीटरांच्या जरा वर आढळला, असे धरू. संख्याशास्त्राच्या भाषेत द्विबीजांचा सहसंबंधांक ०.५० आणि एकबीजांचा ०.९० झाला. दोहोंतील अंतर ०.४०. हे अंतर निम्म्या जनुकीय साम्यातून आले, म्हणून पूर्ण हिशेबासाठी त्याची दुप्पट करायची:

२ × (०.९० − ०.५०) = ०.८०

हेच ते ८० टक्के. पुढची वजाबाकीही सोपी आहे. एकबीज जुळ्यांचे साम्य ०.९०, त्यातले ०.८० जनुकांचे, उरलेले ०.१० सामायिक घराचे मानले जाते. आणि ०.९० पासून १ पर्यंत जे ०.१० राहिले, ते एकाच्याच वाट्याला आलेल्या गोष्टींचे: एका भावाला झालेला दीर्घ आजार, किंवा मोजणाऱ्याने पट्टी तिरपी धरली असेल तर ती चूकसुद्धा.

प्रत्यक्षातील आकडे या उदाहरणापासून फार दूर नाहीत. २००३ साली आठ देशांतील तीस हजारांहून अधिक जुळ्या जोड्यांचा एकत्र अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात आनुवंशिकतेचे प्रमाण पुरुषांत साधारण ८७ ते ९३ टक्के, तर स्त्रियांत ६८ ते ८४ टक्के निघाले. अमेरिकेत मिनेसोटा येथे थॉमस बुशार यांनी वेगवेगळ्या घरांत वाढलेल्या एकबीज जुळ्यांना शोधून काढले. १९९० साली त्यांनी दिलेल्या आकड्यांत अशा जुळ्यांच्या उंचीचा सहसंबंधांक ०.८६ होता.

या पद्धतीच्या फटी मात्र ठाऊक असायला हव्यात, आणि त्यांतील एक तर सीमाभागातल्या प्रत्येक घराच्या परिचयाची आहे. स्थळ पाहताना बायोडाट्यात शिक्षणाच्या आसपासच उंची लिहिलेली असते. ‘जोडा शोभला पाहिजे’ म्हणून उंच मुलासाठी उंच मुलगी शोधली जाते. आईवडील दोघेही उंचीने मिळतेजुळते असले की त्यांच्या मुलांत उंचीच्या जनुकांचे साम्य निम्म्याहून जास्त होते. द्विबीज जुळी त्यामुळे अपेक्षेपेक्षा अधिक सारखी दिसतात. वरच्या उदाहरणातील ०.५० पैकी ०.०५ जर या जुळवलेल्या लग्नांमुळे आले असतील, तर खरी वजाबाकी ०.९० उणे ०.४५ अशी होईल आणि उत्तर ८० ऐवजी ९० येईल. ‘घराचा’ म्हणून धरलेला दहा टक्के हिस्सा घराचा नव्हताच, तो लग्न जुळवण्याचा होता. उलट दिशेने चूक करणारे कारणही आहे. एकबीज जुळ्यांना घरचे आणि शेजारचे अधिक सारखे वागवत असतील, तर जनुकांच्या खात्यावर जास्त जमा होते. उंचीच्या बाबतीत हा आक्षेप फारसा टिकत नाही. सारखे कपडे घातल्याने हाडे सारखी वाढत नाहीत.

दत्तक मुलांचा प्रयोग दुसऱ्या बाजूने येतो. येथे घर सामायिक, पण जनुके परकी. ब्रूस सॅसरडोट या अर्थशास्त्रज्ञाने २००७ साली कोरियातून अमेरिकेत दत्तक गेलेल्या मुलांचा अभ्यास मांडला. त्याचे महत्त्व असे, की त्या संस्थेत पात्र ठरलेल्या कुटुंबांना मूल रांगेतील क्रमाने मिळे. उंच दांपत्याला उंच दिसणारे मूल द्यावे अशी निवड तेथे नव्हती. एरवी अशी निवडच दत्तक अभ्यासांचा घात करते. दत्तक मुलांच्या उंचीचा दत्तक आईच्या उंचीशी जवळजवळ काहीच संबंध आढळला नाही. त्याच घरांतील पोटच्या मुलांत मात्र तो ठळक होता.

येथे थांबले तर ‘घराण्यातच उंची नाही’ हे वाक्य जिंकले असे वाटेल. पण दत्तक घेणारी कुटुंबे पारखून निवडलेली असतात. त्यांच्यात उपाशी घर नसते, गढूळ पाण्याचे घर नसते. सगळी घरे पुरेशी चांगली असतील तर घराघरांतील फरक उंचीत उमटणार कोठून? घराचा परिणाम शून्य आहे असे तो अभ्यास सांगत नाही. चांगल्या घरांच्या आपसातील फरकाचा परिणाम नगण्य आहे, इतकेच तो सांगतो.

भारतीय मुलांचा दाखला याहून गुंतागुंतीचा आहे. भारतातून स्वीडनमध्ये दत्तक गेलेल्या १०७ मुलींचा अभ्यास लेम प्रूस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ साली प्रसिद्ध केला. यांतील अनेक मुली स्वीडनला पोचल्या तेव्हा वयाच्या मानाने खुज्या होत्या. चांगले अन्न मिळताच त्या झपाट्याने वाढल्या. परंतु त्यांना पाळीही लवकर आली, मध्यक वय ११.६ वर्षे. पाळीनंतर हाडांची वाढ लवकर आटोपते. त्यांची अंतिम उंची सरासरी १५४ सेंटिमीटरच राहिली; भारतीय स्त्रियांची सरासरी सुमारे १५२ आहे. मग हे जनुकांचेच काम म्हणायचे का? घाई करू नये. दत्तक गेल्याने मुलीचे घर बदलले, पण ज्या गर्भाशयात ती नऊ महिने वाढली ते बदलले नाही, आणि दत्तक जाण्यापूर्वीची उपासमारही पुसली गेली नाही. पुण्याजवळच्या सहा गावांत के. ई. एम. रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या चमूने १९९३ पासून गर्भवतींचा अभ्यास केला. तेथील मातांची सरासरी उंची सुमारे १५२ सेंटिमीटर, वजन अवघे ४२ किलोच्या आसपास, आणि बाळांचे जन्मवजन २.७ किलोच्या घरात होते. अशा आईचे बाळ दत्तक गेले, तर तिच्या कुपोषणाचा परिणाम दत्तक अभ्यासात ‘जन्मदात्यांकडून आलेले’ या खात्यात पडतो. तो जनुकांचा नसतो, तरी तसा दिसतो.

शेवटचा मुद्दा त्या ८० टक्क्यांच्या स्थैर्याचा. आपल्या उदाहरणात एकूण विचरण ६ गुणिले ६, म्हणजे ३६ होते, त्यातले २८.८ जनुकांचे, ७.२ बाकीचे. आता असा प्रदेश कल्पा, जेथे जनुके तीच, पण काही घरांत भरपूर आणि काही घरांत अर्धपोटी, त्यामुळे परिस्थितीचा वाटा तिप्पट, म्हणजे २१.६ झाला. एकूण ५०.४ होते आणि जनुकांचा हिस्सा ५७ टक्क्यांवर उतरतो. एकही जनुक बदललेले नाही. विषमता वाढली, म्हणून टक्का घसरला. लहान मुलांतही आनुवंशिकतेचे प्रमाण प्रौढांपेक्षा बरेच कमी भरते आणि पौगंडावस्थेकडे वाढत जाते, हे अनेक देशांच्या जुळ्यांच्या एकत्रित अभ्यासातून दिसले आहे.

म्हणूनच एका समूहातला हा टक्का दोन समूहांमधील फरकाला लावता येत नाही. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालील खुज्या मुलांचे प्रमाण गोव्यात २५.८ टक्के, कर्नाटकात ३५.४ आणि महाराष्ट्रात ३५.२ टक्के होते. चोर्ला घाटाच्या वर आणि खाली जनुकांचा एवढा फरक पडतो असे कोणी म्हणणार नाही. मराठी, कोकणी, कन्नड बोलणाऱ्या या भागात सोयरिकी तर घाट ओलांडूनच होतात. महाराष्ट्रात दोन वर्षांखालील खुज्या मुलांचे प्रमाण २००५-०६ मधील ३९ टक्क्यांवरून २०१२ पर्यंत सुमारे २३ टक्क्यांवर आले. सात वर्षांत पिढीही बदलत नाही. त्या काळात जन्मलेली मुले आता पंधरा-वीस वर्षांची होत असून, त्यांतली काही थोड्याच दिवसांत भरतीच्या पट्टीखाली उभी राहतील.