बॅटरी नकली आहे हे फोटोवरून कसं कळलं?

आजचा एपिसोड छोटा आहे, आणि तो सगळा एका व्हॉट्सॲप मेसेजवर आहे.

झालं असं, की माझ्या चार वर्षं जुन्या फोनची बॅटरी दुपारी तीनलाच मान टाकायला लागली. मूळ बॅटरी ५००० एमएएचची. ऑनलाइन शोधलं तर त्याच मॉडेलची ६५०० एमएएचची बॅटरी ६४९ रुपयांत! घेतली. कोड लिहिणं वेगळं आणि फोन उघडणं वेगळं, म्हणून आमच्या इथल्या मोबाइल रिपेअरवाल्या दादांना बॅटरीचे फोटो पाठवले आणि बसवायचे किती घ्याल, असं विचारलं. त्यांचं उत्तर आलं:

“सर, ही मी बसवणार नाही. नकली वाटते. लेबलवरचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. पुढे ४.४५ व्होल्ट लिहिलंय, मागे ४.२. आर नंबर पण चेक करा. आणि मागची चिकटपट्टी सोलू नका, रिटर्न घेणार नाहीत.”

इंजिनिअर मी, आणि लेबल वाचलं त्यांनी. असो.

आकडे जुळत नाहीत म्हणजे काय ते आधी बघू. बॅटरीवर एमएएच आणि व्होल्टसोबत वॅट-अवर, म्हणजे एकूण ऊर्जा, हाही आकडा असतो. एमएएचला हजाराने भागा आणि व्होल्टने गुणा, की वॅट-अवर मिळतात. माझ्या मूळ बॅटरीवर ५००० एमएएच, ३.८७ व्होल्ट आणि १९.३५ वॅट-अवर आहे. ५ गुणिले ३.८७, बरोबर १९.३५. नव्या बॅटरीवर ६५०० एमएएच, ३.८७ व्होल्ट, आणि तरी १९.३५ वॅट-अवरच! खरं तर साधारण २५.२ यायला हवे होते. म्हणजे कुणीतरी मूळ लेबल कॉपी केलं आणि फक्त मोठ्या अक्षरातला आकडा बदलला. बारीक अक्षरं कोण वाचतंय? मी तर नव्हतीच वाचली.

पण इथपर्यंत फक्त फसवणूक आहे. दादांनी बसवायला नकार दिला तो व्होल्टमुळे. लेबलवर चार्जिंगची कमाल मर्यादा लिहिलेली असते. माझा फोन बॅटरी ४.४५ व्होल्टपर्यंत चार्ज करतो, कारण मूळ बॅटरी तशी बनवलेली आहे. नव्या बॅटरीच्या पुढच्या लेबलवर तेच ४.४५ होतं, पण मागे, चिकटपट्टीच्या कडेला, बारीक छापलं होतं ४.२. आता बघा, फोन लेबल वाचत नाही. त्याचं चार्जिंग सर्किट ठरलेल्या ४.४५ पर्यंत रेटतच राहणार. आतला सेल खरंच ४.२ चा असेल तर तो रोज ओव्हरचार्ज होणार. त्यात लिथियम धातूचा थर साचतो, गॅस तयार होतो, बॅटरी फुगते आणि आतून स्क्रीन उचलते. आत शॉर्ट झाला तर आगही लागू शकते. हे टाळायला बॅटरीच्या डोक्यावर एक छोटं प्रोटेक्शन सर्किट असतं, जे मर्यादा ओलांडली की चार्जिंग तोडतं. पण लेबलच खोटं असेल, तर ते सर्किट धड असेल यावर भरवसा कसा ठेवणार?

राहिला आर नंबर. भारतात विकायच्या लिथियम बॅटरीला बीआयएसची नोंदणी लागते. लेबलवर बीआयएसची खूण, IS 16046 हे मानक आणि R- नंतर आठ आकडी नंबर असतो. BIS Care ॲपमध्ये तो टाकला की नोंदणी कुणाची आणि कोणत्या वस्तूची ते दिसतं. मी टाकला, तर तो निघाला एका चार्जिंग अडॅप्टरचा!

मग दादांना विचारलं, “हे सगळं जुळलं असतं तर बॅटरी ओरिजिनल ना?” ते म्हणाले, “नाही सर. जुना सेल नवीन वेष्टनात घालून चकचकीत लेबल लावलेलं पण येतं, आणि खरा आर नंबर पण कॉपी करतात. फोटोवरून नकली सापडते, असली नाही.” म्हणूनच मेसेजमध्ये त्यांनी ‘नकली वाटते’ लिहिलं होतं, ‘आहे’ नाही.

चिकटपट्टी शाबूत असल्यामुळे रिटर्न झालं. कारणाच्या रकान्यात मी गुणाकारच लिहून दिला. नंतर दादांकडूनच १४०० रुपयांची बॅटरी बसवली. बसवण्याआधी त्यांनी ती माझ्या हातात दिली आणि म्हणाले, “घ्या सर, आता तुम्ही चेक करा.” लेबलवर ४९०० एमएएच आणि १८.९६ वॅट-अवर होतं. मोबाइलवर कॅल्क्युलेटर उघडणार, तर तो समोर टेबलावर उघडा पडलेला. मग दादांच्या फोनवर गुणाकार केला. जुळला.