ऐंशी हजारांचा कर आणि व्याजाची तीन मीटरं

पगारदार माणसाचा एक समज असतो: कंपनी टीडीएस कापते, म्हणजे कराचं काम झालं. नाशिकच्या एका कल्पित नोकरदार बाईंचं उदाहरण घेऊ. पगारावरचा कर कंपनीनं चोख कापला. पण त्यांना एका फ्लॅटचं भाडं येतं आणि बँकेत मुदत ठेवीही आहेत. भाडेकरू कर कापत नाही, बँक ठेवीच्या व्याजावर १० टक्के कापते, आणि बाई मात्र ३० टक्क्यांच्या टप्प्यात. २०२३-२४ या आर्थिक वर्षाचा हिशेब केला तेव्हा टीडीएस वजा जाता ८०,००० रुपये कर निघाला.

टीडीएसनंतरचा कर १०,००० रुपये किंवा त्याहून जास्त असेल, तर तो वर्ष संपायच्या आत हप्त्यांनी भरायचा असतो, हाच अ‍ॅडव्हान्स टॅक्स. साठी ओलांडलेल्या आणि धंदा-व्यवसायाचं उत्पन्न नसलेल्या निवासी करदात्यांना यातून सूट आहे. आपल्या बाई पन्नाशीतल्या, त्यामुळे ती लागू नाही. त्यांनी १४ डिसेंबरला ४०,००० भरले. उरलेले ४०,००० भरून विवरणपत्र दाखल केलं ते ५ ऑगस्ट २०२४ ला. मुदत होती ३१ जुलै.

पहिलं व्याज हप्ते चुकल्याचं, कलम २३४सी. १५ जूनपर्यंत १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत ४५, १५ डिसेंबरपर्यंत ७५ आणि १५ मार्चपर्यंत सगळा कर जमा व्हायला हवा. पहिल्या तीन हप्त्यांत जितकं कमी पडेल त्यावर दरमहा १ टक्क्यानं तीन महिन्यांचं, शेवटच्यात एका महिन्याचं व्याज. जूनमध्ये १२,००० हवे होते, आले शून्य: ३६० रुपये. सप्टेंबरमध्ये ३६,००० हवे होते, तेही शून्य: १,०८०. डिसेंबरमध्ये ६०,००० पैकी ४०,००० आले, २०,००० वर ६००. मार्चमध्ये ४०,००० कमी, म्हणून ४००. एकूण २,४४०. यात एक खोच आहे. जूनचा हप्ता १६ तारखेला भरला तरी व्याज पूर्ण तीन महिन्यांचंच. उलट, जूनमध्ये १२ टक्के आणि सप्टेंबरपर्यंत ३६ टक्के भरले असतील, तर त्या हप्त्यांचं व्याज माफ.

दुसरं, कलम २३४बी. ३१ मार्चपर्यंत ९० टक्के कर जमा नसेल तर १ एप्रिलपासून हे मीटर चालू होतं आणि कर भरेपर्यंत थांबत नाही. बाईंचे ७२,००० तरी हवे होते, होते ४०,०००. महिन्याचा तुकडा पूर्ण महिना धरतात, म्हणून ऑगस्टचे पाच दिवसही अख्खा महिना. एप्रिल ते ऑगस्ट पाच महिने, ४०,००० वर २,०००. हे पैसे ३१ मार्चला भरले असते, तर मार्चचे ४०० तेवढे द्यावे लागले असते. बाकीचं हे व्याज लागलंच नसतं.

तिसरं, कलम २३४ए, विवरणपत्राच्या उशिराचं. पुन्हा ४०,००० वर एक महिना, ४००. पण खरा फटका व्याजाचा नाहीच: मुदत चुकल्याची फी ५,००० रुपये. एकूण उत्पन्न पाच लाखांपर्यंत असेल तर ती १,०००. व्याज-फी मिळून ९,८४० झाले, त्यातले निम्म्याहून जास्त पाच दिवसांच्या उशिराचे.

कागदपत्रं जमली नाहीत म्हणून विवरणपत्र लांबत असेल, तर कर तरी ३१ जुलैपूर्वी भरून टाकावा. तिसरं व्याज मग लागत नाही आणि दुसरं तिथेच थांबतं. फी तेवढी चुकत नाही. भरताना मात्र नुसता कर भरू नये. बाईंनी ३१ जुलैला ४०,००० भरले असते, तर त्यातून आधी तोपर्यंतचं ४,०४० व्याज वळतं झालं असतं आणि तेवढाच कर बाकी राहून त्यावर व्याज चालूच राहिलं असतं.

शेअर किंवा घर विकून मार्चअखेर अचानक नफा झाला, तर त्याचा अंदाज आधी कसा येणार? कायद्यानंही ते मान्य केलंय: अशा नफ्यावरचा कर उरलेल्या हप्त्यांत, किंवा हप्ता उरला नसेल तर ३१ मार्चपर्यंत भरला, की आधीच्या हप्त्यांचं व्याज लागत नाही. भाड्याला ही सवलत नाही, कारण ते दर महिन्याला येतं आणि आधीच ठाऊक असतं.

हे सगळं १९६१ च्या कायद्याप्रमाणे. १ एप्रिल २०२६ पासून नवा कायदा लागू झाल्यानं कलमांचे क्रमांक बदलले आहेत. बाईंसाठी सोपी वाट वेगळीच होती. भाडं आणि ठेवींचं व्याज वर्षाच्या सुरुवातीलाच कंपनीच्या अकाउंट्सला लेखी कळवायचं. ते पगारातून जास्त टीडीएस कापतात, आणि वर्षात कापलेला टीडीएस वजा करूनच अ‍ॅडव्हान्स टॅक्स ठरतो. टीडीएस मार्चमध्ये कापला तरी जूनचा हप्ता चुकला असं होत नाही.