रंगवलेल्या खोलीत झोपायचं कधी?

रंगाच्या दुकानात ‘कमी वासाचा द्या’ म्हटलं, की दुकानदार भिंतीसाठीचं महागातलं इमल्शन समोर ठेवतो. घरात तान्हं बाळ असतं, कुणाला दमा असतो, म्हणून लोक लिटरमागे जास्तीचे पैसे मोजतात. आणि तरीही काम संपल्यावर बेडरूममध्ये पाऊल टाकलं की डोळे चुरचुरतात. रंगात फसवणूक झाली असं वाटतं. बहुतेक वेळा भिंतीचा रंग ठीकच असतो. वास येत असतो दारातून, ग्रिलमधून आणि कपाटातून, आणि त्यांच्याबद्दल दुकानात कुणी विचारलेलंच नसतं.

ओला रंग वाळतो म्हणजे त्यातला पातळ भाग उडून हवेत जातो. इमल्शनमध्ये हा भाग मुख्यतः पाणी असतो, सोबत थोडी द्रावकं. दारांना लावतात त्या ऑइल पेंटमध्ये पाण्याची जागा टर्पेंटाइनसारख्या द्रावकाने घेतलेली असते. या उडून जाणाऱ्या सेंद्रिय द्रव्यांना व्हीओसी म्हणतात आणि ती लिटरमागे किती ग्रॅम आहेत ते चांगल्या कंपन्यांच्या डब्यावर किंवा माहितीपत्रकात छापलेलं असतं. भारतीय घरात मोजमापासाठी युरोपची मर्यादा धरायला हरकत नाही. तिथे आतल्या भिंतींच्या मॅट रंगाला २०१० पासून लिटरमागे ३० ग्रॅमच्या वर परवानगी नाही.

दहा बाय बाराची, दहा फूट उंचीची खोली घ्या. भिंती आणि छत मिळून, दार-खिडकी वजा करता, साधारण ५२० चौरस फूट होतात. दोन हातांना सुमारे चार लिटर इमल्शन लागतं. ते ३० ग्रॅमवालं असेल तर सगळ्या भिंतींतून मिळून जास्तीत जास्त १२० ग्रॅम द्रावक खोलीत येईल. आता दाराच्या दोन्ही बाजू, चौकट आणि ग्रिल यांना एक लिटर ऑइल पेंट धरा. त्यात चारशेच्या आसपास ग्रॅम द्रावक असतं. पेंटर वर थिनर ओततो त्याचे आणखी शंभरेक. म्हणजे एका लिटर ऑइल पेंटमधून साऱ्या भिंतींच्या चौपट माल हवेत जातो. शिवाय ऑइल पेंट नुसतं वाळत नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं आणि त्या क्रियेत अल्डिहाइड नावाची उग्र वासाची द्रव्यं सुटतात. हाताला कोरडं लागलं तरी ते कित्येक दिवस वास सोडतं, ते यामुळे.

म्हणून कमी वासाची खोली हवी असेल तर पैसे आधी दारांवर खर्च करावेत, असं माझं स्पष्ट मत आहे. पाण्यातलं इनॅमल आता बहुतेक मोठ्या दुकानांत मिळतं. पेंटर मात्र त्याला नाखूश असतात आणि त्यांची कारणं खोटी नाहीत. ते भरभर वाळतं, त्यामुळे ब्रशचे वळ राहतात. दमट हवेत दार लवकर बंद केलं तर चौकटीला चिकटून बसतं. आणि जुन्या ऑइल पेंटच्या गुळगुळीत थरावर थेट मारलं तर काही महिन्यांत सालपटं निघतात. शेवटच्या दोषावर उपाय घासकामाचा. जुना थर पॉलिश पेपरने चकाकी जाईपर्यंत घासायचा, पुसायचा आणि मग पाण्यातलं प्रायमर. ते वाळल्यावर चिकटपट्टी दाबून लावून झटक्यात ओढून बघा. पट्टीला रंग आला तर घासणं कमी पडलंय.

इथे एक धोका सांगायलाच हवा. घरगुती रंगातलं शिसं ९० पीपीएमपर्यंत मर्यादित करणारा नियम आपल्याकडे २०१७ मध्ये लागू झाला. त्याआधीच्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं. असे थर कोरडे घासू नयेत. पाणी लावून घासावेत, मुलं आणि गर्भवती स्त्री घराबाहेर असाव्यात आणि नंतर झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसावं. कमी वासाच्या नादात शिशाची धूळ घरभर उडवली तर काय साधलं?

भिंतीतही एक गोष्ट लपून राहते: प्रायमर. सिमेंट प्रायमर पाण्यातलं मिळतं आणि थिनरमधलंही. ओल मारणाऱ्या भिंतीला काही पेंटर थिनरवालं पसंत करतात. त्यावर कितीही साधं इमल्शन मारलं तरी खालून वास येत राहतो. ठेका ठरवतानाच ‘प्रायमर पाण्यातलं’ असं कागदावर लिहून घ्यावं. आणि डब्यावर नुसतं ‘लो ओडर’ असेल तर त्यावर विसंबू नका. सुगंध मिसळूनही वास दाबता येतो. आकडा विचारा.

कपाटाची गोष्ट सगळ्यात चिवट. सुतार खोलीतच व्हिनियरवर मेलामाइन पॉलिश मारतो तेव्हा थिनर तर उडतोच, पण मेलामाइन आम्लाच्या हार्डनरने घट्ट होताना फॉर्मल्डिहाइड सोडतं. खोकला, डोळ्यांची जळजळ त्याची. दीर्घ संपर्कात ते कर्करोगकारक मानलं गेलंय. साध्या एमआर प्लायवूडच्या गोंदातूनही ते महिनोन् महिने थोडं थोडं झिरपतं, दमट उकाड्यात जास्त. सनमायका लावलेलं कपाट बरं, पण ते रबराच्या गोंदाने नव्हे, पांढऱ्या पाण्यातल्या गोंदाने चिकटवून घ्यावं. प्लायच्या उघड्या कडा आणि पाठही बंद करून घ्यावी. व्हिनियर हवंच असेल तर पाण्यातलं पीयू, किंवा आपलं जुनं लाखेचं पॉलिश. त्यातलं स्पिरिट उग्र असतं, पण लवकर उडून जातं. डाग लवकर पडतात एवढंच. आणि शक्य असेल तर पॉलिश सुताराच्या कारखान्यातच करून आणावं.

क्रमही बदलायला हवा. आपल्याकडे ओघळ दिसू नयेत म्हणून ऑइल पेंट सर्वांत शेवटी होतं आणि दुसऱ्या दिवशी घरचे राहायला येतात. वासाची कामं आधी, भिंतींचे शेवटचे हात नंतर, असं पेंटरला सांगावं. गादी, पडदे, उशा तोवर दुसऱ्या खोलीत ठेवाव्यात. कापड आणि कापूस वास शोषून घेतात आणि नंतर सावकाश परत सोडतात.

खिडकीत टेबलफॅन बाहेरच्या बाजूला तोंड करून ठेवा आणि समोरचं दार उघडं ठेवा, म्हणजे घरातली हवा ओढून तो बाहेर टाकेल. स्प्लिट एसी तीच हवा फिरवत राहतो, त्याचा इथे उपयोग नाही. डासांमुळे खिडकी बंद करावी लागत असेल तर जाळी आधी बसवा. कापलेला कांदा वा पाण्याची बादली ठेवून फरक पडत नाही. धूप-उदबत्ती धुराची भर घालते.

या सगळ्या निवडी जमल्या तर मोठ्या माणसांनी दोन-तीन दिवस हवा खेळवून झोपायला हरकत नाही. ऑइल पेंट झालं असेल तर किमान आठवडा, मेलामाइन असेल तर त्याहून बरंच अधिक थांबावं. बाळ, गर्भवती आणि दमेकरी यांच्यासाठी त्यात आणखी भर घालावी. तारीख ठरवायला नाक कामी येतं, पण घरात राहणाऱ्याचं नाक सरावतं. खोली आणि कपाट रात्रभर बंद ठेवा आणि सकाळी बाहेरून आलेल्या माणसाला आधी खोलीत, मग कपाटाच्या खणात वास घ्यायला सांगा. खोली ठीक असेल आणि खण झोंबत असेल, तर कपाटाची दारं आठवडाभर उघडी ठेवायची आणि कपडे आत लावायची घाई करायची नाही.