दसऱ्याच्या पूजेनंतर अवजारांना गंज का चढतो? पूजा मांडण्याआधी हे वाचा

खंडेनवमी आणि दसऱ्याला घरोघरी अवजारे, पुस्तके, पाटी आणि गाड्यांची पूजा होते. आदल्या दिवशी सगळे घासूनपुसून लख्ख केले जाते. पण दुसऱ्या दिवशी पूजा उचलताना पटाशीच्या पात्यावर तांबूस ठिपके दिसतात, वहीच्या कव्हरवर पिवळा डाग पडलेला असतो. याचे कारण बहुतेक वेळा एकच असते, ते म्हणजे ओल.

गंज कसा चढतो?

लोखंडाला पाणी आणि हवा एकत्र मिळाली की गंज धरतो. धुतलेल्या झेंडूच्या पाकळ्यांमध्ये पाणी अडकून राहते. असे फूल करवतीवर ठेवले की त्याच्याखालची जागा तासन् तास ओली राहते. पाण्यात कालवलेल्या हळद-कुंकवाच्या बोटानेही हेच होते. शिवाय घासून नुकतेच उघडे पडलेले लोखंड गंज लवकर पकडते. म्हणजे साफसफाई जितकी चांगली, तितकी पुढची काळजी जास्त लागते.

अवजारे : घासा, पुसा, तेल लावा

समजा घरात एक पटाशी, करवत, पक्कड आणि दोन पाने आहेत. आधी कोरड्या ब्रशने भुसा आणि माती झाडा. गंजाचे ठिपके असतील तिथे मशीनच्या तेलाचे दोन थेंब टाका, पंधरा मिनिटे थांबा आणि बारीक पॉलिश पेपरने हलकेच घासा. पटाशीच्या धारेवर मात्र पेपर फिरवू नका, धार बोथट होते. नंतर कोरड्या फडक्याने पुसून तेलाचा अगदी पातळ हात फिरवा. पात्यावर बोट फिरवल्यावर बोट चकाकले पाहिजे, तेल ओघळता कामा नये. खाद्यतेल टाळलेले बरे. बरीचशी खाद्यतेले काही दिवसांत चिकट होतात आणि त्यावर धूळ बसते.

ड्रिल मशीनसारखी विजेवरची साधने प्लग काढून फक्त कोरड्या फडक्याने पुसा. पूजेत त्यांच्यावर पाणी शिंपडू नका, फूल वाहिले तरी पुरे.

पाने-फुले कोरडी हवीत

झेंडू आदल्या संध्याकाळी धुऊन सुती कापडावर पसरून ठेवा. सकाळी फूल तळहातावर झटका. थेंब पडला तर ते लोखंडावर ठेवायचे नाही, कलशापाशी वाहायचे.

आपट्याचे पान जाड आणि चिवट असते, पुसले की लगेच कोरडे होते. बाजारात त्याच्या नावाखाली कांचनाची पानेही विकली जातात. दोन्ही पाने टोकाशी दुभंगलेली असतात. पण आपट्याचे पान लहान आणि लांबीपेक्षा रुंदीला जास्त असते, तर कांचनाचे मोठे आणि पातळ. आपट्याचे किंवा आंब्याचे कोरडे पान अवजारावर ठेवून त्यावरच हळद-कुंकू वाहिले, तर पाते कोरडे राहते. लाकडी मुठीला बोट लावले तरी चालते.

पुस्तकांचे काय?

चौरंगावर पुस्तके मागे, अवजारे पुढे आणि कलश बाजूला वेगळ्या ताटात ठेवा. कलश कलंडला तरी पाणी ताटातच राहील. हळद-कुंकू कव्हरवर न लावता वर ठेवलेल्या कोऱ्या कागदावर लावा. वाचनालयाच्या पुस्तकाबाबत तर हे हवेच. कापडी बांधणीवर हळद सांडलीच, तर ती आधी कोरडी झटका. साबण लावल्यास डाग लाल होतो. हळदीचा रंग उन्हात फिकट होतो, त्यामुळे थोडा वेळ ऊन दाखवणे हा साधा उपाय आहे. फार वेळ मात्र नको, कव्हरचा रंगही उडतो.

गाडीची पूजा

गाडी धुताना स्विच आणि वायरिंगवर जोराचा फवारा मारू नका. चकाकी आणण्यासाठी लावलेले तेल किंवा पॉलिश ब्रेक डिस्कवर जाऊ देऊ नका, ब्रेक लागणे कमी होते. पेट्रोलच्या टाकीजवळ निरांजन किंवा उदबत्ती ठेवू नका. ओवाळायचे असेल तर थोडे लांबून ओवाळा.

कारचा हार पुढच्या जाळीवर पसरला तर इंजिनाला मिळणारी हवा अडते. दुचाकीच्या हँडलला बांधलेला हार सुटला तर त्याचा दोरा पुढच्या चाकात गुंडाळू शकतो. म्हणून गाडी रस्त्यावर काढण्यापूर्वी हार उतरवा आणि चाकाखाली लिंबू ठेवले असल्यास त्याची साल टायरला चिकटलेली नाही ना, हे पाहा. रंगावरचे कुंकू कोरडे पुसू नका, त्यातल्या कणांनी ओरखडे उठतात. आधी पाणी ओता, मग मऊ फडक्याने पुसा.

पूजा उचलताना

अनेक घरांत पूजा रात्रभर तशीच असते. तेव्हा झोपण्यापूर्वी निदान लोखंडावरची फुले उचलून ताटात काढा. सकाळी प्रत्येक अवजार पुसा आणि पुन्हा तेलाचा हात फिरवूनच पेटीत ठेवा. तांबूस ठिपका दिसलाच, तर तो त्याच दिवशी घासा. ताजा गंज दोन मिनिटांत निघतो. तसाच राहिला तर पाते खात जातो.