बोटाच्या टोकावरची नाडी

फ्लॅश लावून फोनच्या कॅमेऱ्यावर बोट ठेवलं की पडदा लालभडक दिसतो. प्रत्येक ठोक्याला बोटात रक्त भरतं, ते थोडा जास्त प्रकाश शोषतं आणि चित्र किंचित काळवंडतं. डोळ्याला न दिसणारे हे चढउतार नाडीचं अ‍ॅप मोजतं. सेकंदाला ३० चित्रं टिपताना दर २५ चित्रांनी लाट आली, तर नाडी ७२.

बोट जोरात दाबलं की रक्तच अडतं. गार बोटात लाट क्षीण होते. हात हलला, तर अ‍ॅप त्या हालचालीलाच ठोका समजतं. ठोके अनियमित असतील, तर कमकुवत ठोका बोटापर्यंत पोचतच नाही आणि आकडा हृदयगतीपेक्षा कमी येतो. शंका आली तर मनगटावर पूर्ण मिनिटभर मोजा.